फ्यूज खटक्याच्या आधी की नंतर?

रात्री गाडीचं दार उघडलं की छताचा दिवा लागतो, पण त्याचा उजेड पायांपर्यंत पोचत नाही. मध्ये सीट येते, डॅशबोर्ड येतो, आणि पायाखाली पडलेली पार्किंगची पावती किंवा पोराचा एक बूट मोबाइलच्या टॉर्चनेच शोधावा लागतो. महागड्या गाड्यांत पायांपाशी मंद दिवे कंपनीकडूनच बसवून येतात. साध्या गाडीत ते बाहेरून बसवता येतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलईडीच्या पट्ट्या हव्या तेवढ्या मिळतात, आणि गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात चार पट्ट्यांचा तयार संच मिळतो. तेव्हा पट्ट्या मिळवणं अवघड नाही. त्यांना वीज कुठून द्यायची, हे ठरवणं अवघड आहे.

सर्वांत सोपी वाट म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची पिन. ती सुरक्षित आहे, पण सॉकेट कायमचं अडतं आणि गिअरच्या पुढ्यात वायर लोंबत राहते. दुसरी वाट रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये दिसते. डॅशबोर्डखालची एखादी वायर सोलायची, तिला नवी वायर पिळायची, वरून काळी टेप गुंडाळायची. ‘साहेब, दोनच तर वायरी आहेत,’ असं म्हणत काम दहा मिनिटांत उरकतं. उन्हाळ्यात बंद गाडी तापली की टेपचा चिकटा पाघळतो, टेप सुटते आणि उघडं तांबं लोखंडी पत्र्यापाशी लोंबकळतं. तिसरी वाट याहून वाईट. फ्यूज उपसायचा, त्याच्या पायाला वायरीचे केस गुंडाळायचे आणि फ्यूज परत दाबून बसवायचा. वायरीचे ते केस फ्यूजच्या ज्या पायाला गुंडाळले, तो बॅटरीच्या बाजूचा निघाला तर नव्या वायरीला फ्यूजचं संरक्षण उरतच नाही, आणि सॉकेटची पकडही कायमची सैल होते.

या सगळ्याला पर्याय म्हणून बाजारात एक चिमुकली वस्तू मिळते, फ्यूज टॅप. हा प्लास्टिकचा छोटा ठोकळा असतो. खाली फ्यूजला असतात तसे दोन चपटे पाय, वर एकावर एक अशा फ्यूज बसवायच्या दोन खाचा, आणि एका बाजूने बाहेर आलेली वितभर लाल वायर. गाडीतला मूळ फ्यूज काढायचा, त्याच्या जागी टॅप खोचायचा, मूळ फ्यूज टॅपच्या खालच्या म्हणजे पायांजवळच्या खाचेत बसवायचा आणि वरच्या खाचेत आपल्या दिव्यांसाठी वेगळा फ्यूज घालायचा. लाल वायर या वरच्या फ्यूजमधून येते. गाडीची एकही मूळ वायर कापावी किंवा सोलावी लागत नाही, हा याचा खरा फायदा.

टॅप घेताना आकार बघावा लागतो. गाडीतले पातीचे फ्यूज एकाच मापाचे नसतात. साधा, मिनी, बुटका मिनी आणि मायक्रो हे नेहमी भेटणारे प्रकार. आपल्या गाडीचा एक फ्यूज खिशात घालून दुकानात जाणं सर्वांत बरं. मापात न बसणारा टॅप जोर लावून दाबला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण आतली पितळी पकड फाकते. मग काही महिन्यांनी टॅप काढून मूळ फ्यूज परत लावला तरी तो सैल बसतो, खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो, आणि सैल सांधा गरम होऊन प्लास्टिक पिवळं पडतं. दोष दिव्यांचा नसतो, पण तोवर ते कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

आता त्या वरच्या खाचेतल्या फ्यूजविषयी. दुकानातून आणलेल्या टॅपमध्ये बऱ्याचदा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज आधीच घातलेला असतो, आणि तो तसाच ठेवला जातो. ‘मोठा आहे म्हणजे चांगलाच,’ असा एक समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर जेवढा करंट न तापता वाहू शकते, त्याच्या आतच फ्यूज उडायला हवा. एलईडी पट्टीला जोडून येणारी वायर केसासारखी बारीक असते. ती कार्पेटच्या कडेला घासून कधी पत्र्याला टेकली आणि तिच्यातून आठ अँपिअर वाहू लागले, तर १० अँपिअरच्या फ्यूजला त्यात वावगं काही दिसणारच नाही. तो शांत राहील आणि वायरीचं आवरण वितळेल.

शिवाय फ्यूज आपल्या आकड्यावर लगेच उडतो असंही नाही. पातीच्या फ्यूजमधून त्याच्या क्षमतेच्या दुप्पट करंट गेला तर तो काही सेकंदांत जातो, पण क्षमतेपेक्षा साधारण ३५ टक्केच जास्त असेल तर तोच फ्यूज दहा मिनिटांपर्यंतही तग धरू शकतो. म्हणून फ्यूज गरजेपेक्षा थोडाच मोठा घ्यायचा.

गरज किती, हे काढायला सोपं आहे. समजा आपण प्रत्येकी ३० सेंटिमीटरच्या चार पट्ट्या लावणार आहोत. एकाच रंगाची, मीटरला ६० छोटे एलईडी असलेली साधी पट्टी मीटरमागे साधारण ४.८ वॉट घेते. चार पट्ट्या मिळून १.२ मीटर, म्हणजे सहा वॉटांच्या जरा आत. बारा व्होल्टला भागलं की जवळपास अर्धा अँपिअर येतो. एवढ्यासाठी २ अँपिअरचा फ्यूज पुरतो. २ अँपिअरचा मिनी फ्यूज राखाडी आणि ३ चा जांभळा असतो. १० चा लाल, १५ चा निळा. म्हणजे टॅपच्या वरच्या खाचेत लाल किंवा निळा फ्यूज दिसला की तो बदलायचा, हे रंगावरूनच कळतं. रंग बदलणाऱ्या, रिमोटवाल्या पट्ट्या यापेक्षा बऱ्याच जास्त वीज घेतात, तेव्हा त्यांचा हिशेब पाकिटावरचे वॉट बघूनच करावा.

एवढं झालं की खरा प्रश्न येतो. टॅप कोणत्या फ्यूजच्या जागी लावायचा?

काही फ्यूजना हातही लावायचा नाही. एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा संगणक, पेट्रोलचा पंप, पॉवर स्टिअरिंग, हेडलाइट. यातलं काही बंद पडलं तर गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो, आणि पायांशी उजेड पडावा म्हणून तो पत्करण्यात अर्थ नाही. राहिलेल्यांत निवडायचं ते आपल्याला दिवा कधी लागायला हवा यावरून. किल्ली फिरवल्यावर लागायला हवा असेल तर म्युझिक सिस्टिम किंवा लायटर सॉकेटचा फ्यूज बघायचा. फक्त रात्री, पार्किंग लाइटच्या बरोबर हवा असेल तर टेल किंवा पार्किंगचा. दार उघडल्यावर हवा असेल तर? इथे जवळपास प्रत्येकाचा हात छताच्या दिव्याच्या फ्यूजकडे जातो, आणि तो इथेच फसतो.

छताचा दिवा दार उघडल्यावर लागतो, तेव्हा त्याच्या फ्यूजमध्येही दार उघडल्यावरच वीज येत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण पुष्कळ गाड्यांत रचना उलटी असते. बॅटरीच्या धन टोकाकडून वीज फ्यूजमधून थेट दिव्यापर्यंत कायम आलेली असते, आणि दाराचा खटका दिव्याच्या पलीकडे, ऋण बाजूला असतो. दार उघडलं की तो खटका दिव्याचं दुसरं टोक बॉडीला टेकवतो आणि सर्किट पुरं होतं. म्हणजे फ्यूज खटक्याच्या आधी आहे. तिथे टॅप लावला की आपल्या दिव्याला दाराशी काही देणंघेणंच राहत नाही. तो दिवसरात्र जळत राहतो.

हे किती महागात पडतं, बघा. छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. आपल्या चार पट्ट्या अर्धा अँपिअर घेतात, म्हणजे दिवसाला साधारण १२ अँपिअर-अवर. गाडी दोन दिवस सोसायटीत उभी राहिली की २४ गेले. पूर्ण भरलेल्या नव्या बॅटरीचेही दोन तृतीयांश. उरलेल्यावर स्टार्टर फिरण्याची आशा फारशी धरता येत नाही, आणि जुन्या बॅटरीची तर एका रात्रीतच वाट लागते. दिवसाउजेडी पायांशी जळणारा मंद दिवा खिडकीतून कोणाला दिसत नाही, त्यामुळे बॅटरी खराब निघाली असं समजून नवी घेतली जाते आणि तीही उतरते.

फ्यूज खटक्याच्या आधी की नंतर, हा प्रश्न फक्त छताच्या दिव्यापुरता नाही. पार्किंगच्या फ्यूजलाही तो विचारावा लागतो. काही गाड्यांत दांडीवरच्या खटक्यातून किंवा रिलेतून गेल्यावर वीज फ्यूजकडे येते, तर काहींत फ्यूज आधी आणि खटका नंतर असतो. झाकणावर ‘टेल’ एवढंच छापलेलं असतं, ते यातलं काही सांगत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीत चाललेला फ्यूज नंबर आपल्या गाडीत तपासल्याशिवाय वापरू नये.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा आणि काळी पिन गाडीच्या लोखंडी भागाला टेकवायची. पातीच्या फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, ते मोजण्यासाठीच असतात, तेव्हा फ्यूज काढायचीही गरज नाही. लाल पिन ठिपक्यावर ठेवून तीन वेळा मोजायचं: गाडी बंद असताना, किल्ली फिरवल्यावर आणि पार्किंग लाइट लावल्यावर. गाडी बंद असतानाही १२ व्होल्ट दिसले तर हा फ्यूज खटक्याच्या आधी आहे, तो सोडून द्यायचा. फक्त पार्किंग लाइट लावल्यावरच १२ आले तर आपल्याला हवा तोच सापडला. आकडा १२ ऐवजी ८-९ असा विचित्र येत असेल, तर गाडीचा संगणक तिथली वीज वेगाने चालू-बंद करून दिवा मंद ठेवत असण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी एलईडी लुकलुकतात. तोही फ्यूज टाळावा.

माझ्या मते साध्या गाडीसाठी पार्किंगचा फ्यूज सर्वांत शहाणपणाचा. दिवसा उजेड लागत नाही, रात्री लाइट लावले की आपोआप लागतो, आणि गाडी सोडताना लाइट बंद केले की तोही विझतो. दार उघडल्यावर दिवा लागावा असा आग्रहच असेल, तर त्यासाठी दाराच्या खटक्याची ऋण बाजूची वायर शोधून पट्टीचं ऋण टोक तिला जोडावं लागतं. ते काम फ्यूज टॅपच्या आवाक्यातलं नाही, जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे.

आता आपली हॅचबॅक घेऊ. फ्यूजचा डबा बहुतेक अशा गाड्यांत चालकाच्या बाजूला, डॅशबोर्डखाली असतो. झाकण काढलं की आत छोटा पांढरा प्लास्टिकचा चिमटा अडकवलेला सापडतो, तो फ्यूज उपसायला असतो. गाडी बंद, किल्ली बाहेर. पार्किंगचा फ्यूज चिमट्याने सरळ वर ओढायचा. त्याच्यावरचा आकडा बघायचा, समजा १० आहे. टॅपच्या पाकिटावर जास्तीत जास्त किती अँपिअरचा फ्यूज चालतो ते दिलेलं असतं. मिनी टॅपना बहुधा १० पर्यंतच मुभा असते, तेव्हा मूळ फ्यूज १५ किंवा २० चा निघाला तर दुसरी जागा शोधावी.

फ्यूज निघाल्यावर सॉकेटमध्ये दोन फटी दिसतात. एका फटीत बॅटरीकडून वीज येते, दुसरीतून ती दिव्यांकडे जाते. टॅपलाही दिशा असते. त्याचा एक पाय दोन्ही फ्यूजना एकत्र वीज पुरवतो, दुसरा फक्त मूळ फ्यूजमधून बाहेर पडतो. एकत्र पुरवणारा पाय बॅटरीकडच्या फटीत गेला पाहिजे. टॅप उलटा लावला तरी दिवे लागतात, म्हणूनच ही चूक कळत नाही. तेव्हा नव्या दिव्यांचा करंटही आधी मूळ फ्यूजमधून जाऊन मग नव्या फ्यूजकडे वळतो. मूळ फ्यूजवर दोन्हींचा भार पडतो, आणि तो उडाला तर पार्किंग लाइट आणि आपले दिवे एकदमच जातात. पट्ट्यांचं सर्किट वेगळं ठेवायचं म्हणून टॅप लावला, तो हेतूच फुकट जातो.

दिशा ओळखायची एक हमखास युक्ती आहे, तिला मीटरही लागत नाही. पट्ट्यांची जोडणी पुरी झाली की टॅप सॉकेटमध्ये बसवायचा, पण फक्त वरच्या खाचेत २ अँपिअरचा फ्यूज घालायचा. खालची, मूळ फ्यूजची खाच रिकामी. पार्किंग लाइट लावायचे. आपल्या पट्ट्या लागल्या तर दिशा बरोबर आहे. लागल्या नाहीत तर टॅप काढून अर्धा वळसा फिरवायचा आणि परत लावायचा. आता लागायला हव्यात. मग लाइट बंद करून मूळ फ्यूज खालच्या खाचेत घालायचा. कधी कधी उलट दिशेने टॅप शेजारच्या फ्यूजवर आपटतो किंवा डब्याचं झाकण बसत नाही. अशा वेळी दिशा बदलण्यापेक्षा दुसरा फ्यूज निवडलेला बरा.

पट्ट्यांची जोडणी करताना हा नवा फ्यूज खाचेत घालायचाच नाही. तो सगळ्यात शेवटी घालायचा, म्हणजे काम चालू असताना वायर कुठे टेकली तरी ठिणगी उडत नाही.

टॅपच्या लाल वायरीच्या टोकाला बहुधा निळ्या आवरणाची नळी असते. पट्टीची धन वायर आठ-दहा मिलिमीटर सोलून, तिचे केस पिळून त्या नळीत घालायचे आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायचे. साध्या पकडीने दाबलेली नळी वरून चपटी दिसते, पण आत वायर सैल राहू शकते. दाबल्यावर वायर जोरात ओढून बघायची. निघून आली तर पहिल्यांदा आली तेच बरं. पट्टीची वायर फारच बारीक असेल तर सोललेला भाग दुमडून जाड करावा लागतो, नाहीतर तो नळीत पकडलाच जात नाही.

ऋण टोकासाठी गॅरेजवाले ‘बॉडी अर्थ’ म्हणतात तो मिळवायचा असतो. चालकाच्या पायाजवळ, आतल्या बाजूच्या प्लास्टिकच्या पॅनलमागे, बॉडीला पिळलेला एखादा लोखंडी नटबोल्ट सापडतो. बोल्ट दिसला म्हणजे अर्थ मिळालाच असं नाही. काही बोल्ट प्लास्टिकमध्ये पिळलेले असतात, काहींवर रंगाचा जाड थर असतो. मीटरने बोल्ट आणि बॅटरीकडून येणारी धन वायर यांच्यात १२ व्होल्ट येतात का बघायचं. बोल्टखाली गोल लग बसवायचा, खालचा रंग सँडपेपरने थोडा खरवडायचा आणि घट्ट आवळायचं. सीटचे किंवा सीटबेल्टचे बोल्ट यासाठी सोडवायचे नाहीत. अपघातात माणसाचा भार त्यांच्यावर येतो. अर्थ कच्चा असेल तर दिवे मंद लागतात, किंवा ब्रेक दाबला, इंडिकेटर लावला की त्याच तालात लुकलुकतात. अशी तालबद्ध लुकलुक दिसली की पट्टी बदलायला जाऊ नये, आधी तो बोल्ट बघावा.

आता पट्टी कुठे चिकटवायची. चालकाच्या बाजूला ही निवड फार जपून करावी लागते, कारण खाली क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर आहेत. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डखालीही उष्णता साठते, आणि पट्टीमागचा चिकट टेप काही महिन्यांतच सुटू लागतो. पट्टीचं एक टोक सुटून लोंबू लागलं आणि ते ब्रेकच्या दांड्यामागे अडकलं, तर काय होईल याची कल्पना करून बघा. म्हणून नुसत्या टेपवर विसंबायचं नाही. आधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसायचा, पट्टी डॅशबोर्डच्या खालच्या कडेच्या आत, पेडलांच्या हालचालीपासून दूर लावायची आणि दोन्ही टोकांना नायलॉनचा झिप टाय बांधायचा. वायर स्टिअरिंगच्या दांड्याजवळून न्यायची नाही. ती दांडी फिरते आणि कधीतरी वायर गुंडाळून घेते. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजाव्यात, त्यांना स्पर्श नको. सगळं बसल्यावर सीटवर बसून तिन्ही पेडल तळाला टेकेपर्यंत दाबायचे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचं, आणि पायाच्या पंजाने वर चाचपायचं. काही लागलं तर ते हलवायचं.

उजेडाची दिशा जमिनीकडे हवी. चालकाच्या डोळ्याला पट्टीचे दाणे थेट दिसता कामा नयेत, कारण अंधारात डोळा त्या उजेडाला सरावला की समोरचा काळोखा रस्ता नीट दिसत नाही. पिवळसर किंवा अंबर रंग याबाबतीत पांढऱ्या-निळ्यापेक्षा सौम्य. लाल-निळी लुकलुक मला तर अजिबात आवडत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती पोलिसांच्या गाडीची वाटू शकते.

मागच्या दोन पट्ट्यांबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे, नको. त्या पुढच्या सीटच्या खाली लावायच्या असतात. सीट पुढे-मागे सरकते, तिच्याखाली एअरबॅग आणि बेल्टच्या सेन्सरच्या वायरी असतात, आणि एकदा रुळात अडकून नवी वायर तुटली किंवा सोलली की शॉर्टचं मूळ शोधायला कार्पेट उचकटावं लागतं. पुढच्या दोन पट्ट्यांनी नव्वद टक्के काम भागतं.

एका गोष्टीकडे जवळपास कोणी बघत नाही, ती म्हणजे व्होल्टेज. घरातल्या शोभेसाठी बनवलेली ‘१२ व्होल्ट’ पट्टी ही खरोखर बारा व्होल्टच्या अडॅप्टरसाठी असते. गाडीची बॅटरी मात्र इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या वर, १४.४ पर्यंत असते. फरक किरकोळ वाटतो, पण पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रोधक अशी माळ असते. एलईडी आपल्या वाट्याचे नऊएक व्होल्ट घेतात, बाकीचे रोधकावर पडतात. बारा व्होल्टला रोधकावर तीन पडत होते, १४.४ ला पाच पडतात. त्यामुळे करंट दीडपटीहून जास्त होतो आणि रोधकातली उष्णता अडीचपटीहून जास्त होते. आपला अर्धा अँपिअर चालत्या गाडीत ०.८ च्या आसपास पोचतो. २ अँपिअरच्या फ्यूजला हे सहज झेपतं, पण पट्टीला झेपतंच असं नाही. काही महिन्यांत तीन-तीन दाण्यांचे तुकडे मंद होऊ लागले, किंवा रोधकाच्या जागी पिवळट डाग दिसू लागला, तर कारण हेच. म्हणून गाडीसाठीच बनवलेली, ‘९ ते १६ व्होल्ट’ असं काही छापलेली पट्टी घ्यावी, किंवा वाटेत १२ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर टाकावा.

काम झाल्यावर शेवटची एक तपासणी राहते, आणि ती टाळून चालत नाही. गाडी बंद करायची, लाइट बंद, किल्ली काढायची, दारं लावून अर्धा तास थांबायचं, कारण आजकालच्या गाड्यांचे संगणक बंद केल्यावरही काही वेळ जागे असतात. मग टॅपच्या वरच्या खाचेतला २ अँपिअरचा फ्यूज काढायचा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून त्याच्या दोन पिना फ्यूजच्या जागी धरायच्या. आकडा शून्य यायला हवा. रिमोटवाला संच असेल तर पार्किंगच्या फ्यूजवर त्याचाही शून्यच येईल, पण कायम वीज असलेल्या फ्यूजवर लावला असेल तर पट्ट्या बंद असतानाही रिमोटचा डबा काही मिलिअँपिअर खात राहतो. एका रात्रीत ते जाणवत नाही. गावाला जाऊन दोन महिने गाडी उभी राहिली की जाणवतं.

गाडी वॉरंटीत असेल आणि सर्व्हिसिंगला द्यायची असेल, तर आदल्या दिवशी टॅप उपसून मूळ फ्यूज त्याच्या जागी लावून ठेवलेला बरा. विजेची काही तक्रार निघाली की बाहेरचं काही जोडलंय का, हे आधी बघितलं जातं, आणि कारण वेगळंच असलं तरी बोट आपल्या पट्ट्यांकडे वळतं. लाल वायरीच्या सुट्या टोकाला टेप लावून ती डब्यामागे सारून ठेवायची. परत जोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत, फक्त टॅपचा कोणता पाय कोणत्या फटीत होता याची मार्करने एक खूण करून ठेवलेली असावी.